‘माझा कोड टाका’: रीलचे पैसे वसूल झाले की नाही, हे नेमकं कसं मोजतात?

‘माझा कोड टाका आणि १० टक्के सूट मिळवा, लिंक बायोमध्ये आहे.’ हे वाक्य आज तुम्ही एकदा तरी ऐकलं असेल. आपल्याला त्यातली सूट दिसते. पण तो कोड आणि ती लिंक आपल्यापेक्षा दुकानदाराच्या जास्त कामाची असते, कारण इन्फ्लुएन्सरला दिलेले पैसे वसूल झाले की नाही, हे त्याला त्यावरून ठरवायचं असतं.

गेल्या काही काळात ही मोजणीच वादात सापडली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये मेगालॅग नावाच्या यूट्यूबरने ‘हनी’ या ब्राउझर एक्स्टेन्शनवर एक व्हिडिओ काढला. हनी हे पेपालच्या मालकीचं, खरेदी करताना कूपन शोधून देणारं एक्स्टेन्शन आहे. आरोप असा होता की, एखाद्या यूट्यूबरच्या लिंकवरून आलेल्या ग्राहकाने पैसे भरताना हनीच्या खिडकीवर क्लिक केलं, तर यूट्यूबरची खूण पुसून तिथे हनीची खूण बसते आणि कमिशन हनीला जातं. पेपालचं म्हणणं होतं की, ‘शेवटचा क्लिक ज्याचा, श्रेय त्याचं’ या उद्योगातल्या प्रचलित नियमानुसारच हे चालतं. पुढे काही निर्मात्यांनी अमेरिकेत दावे दाखल केले. मार्च २०२५ मध्ये गूगलने क्रोमच्या एक्स्टेन्शनसाठी नियम कडक केले: ग्राहकाला प्रत्यक्ष फायदा मिळत नसेल, तर एक्स्टेन्शनला अशी कमिशनची खूण घुसवता येणार नाही.

हनी प्रकरणात चूक कोणाची, हे कोर्ट ठरवेल. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. हजारो निर्माते आणि दुकानदार ज्या आकड्यावर हिशेब करत होते, तो आकडा ‘कोणामुळे विक्री झाली’ हे सांगतच नव्हता. तो फक्त ‘शेवटी कोणाची खूण सापडली’ एवढंच सांगत होता. या दोन गोष्टींत किती फरक पडतो, ते एका छोट्या दुकानाच्या हिशेबातून पाहू.

आपलं उदाहरण

समजा, एक जोडपं घरून कांदा-लसूण मसाला आणि चटण्या ऑनलाइन विकतं. (दुकान काल्पनिक आहे आणि हिशेब सोपा जावा म्हणून आकडे गोल धरलेत.) सरासरी ऑर्डर ५०० रुपयांची. माल, पॅकिंग, कुरियर, पेमेंट गेटवे हे सगळं वजा केलं की हातात २०० रुपये उरतात. परत आलेल्या पार्सलचा खर्चही सरासरीने यातच धरलाय.

त्यांनी रेसिपीचे रील करणाऱ्या एका ताईंना २४,००० रुपये दिले आणि १,००० रुपयांचा माल पाठवला. म्हणजे मोहिमेचा खर्च २५,००० रुपये. ताईंचा कोड `TAI10`, त्यावर १० टक्के सूट, म्हणजे एका ऑर्डरमागे ५० रुपये. रील महिन्याच्या १ तारखेला आलं.

मोठ्या कंपनीला २५,००० म्हणजे चहापाण्याचा खर्च. या जोडप्यासाठी मात्र ती १२५ ऑर्डरींची कमाई आहे. ताईंना पुढच्या महिन्यात परत काम द्यायचं की नाही, हे त्यांना ठरवायचं आहे.

पहिली मोजणी: कोड

कोडची मोजणी सगळ्यात सोपी. दुकानाच्या ऑर्डरींच्या यादीत कोड लावून चाळलं की संख्या समोर येते. पण पहिली अडचण इथेच आहे. रील आल्याच्या आठवड्यात कोडवर १४० ऑर्डरी दिसल्या आणि त्याचा स्क्रीनशॉट सगळीकडे फिरला. त्यात बऱ्याच ऑर्डरी कॅश ऑन डिलिव्हरीच्या होत्या. काहींनी दारात आलेलं पार्सल घेतलं नाही, काहींचा फोन लागला नाही. असं परत येणारं पार्सल म्हणजे कुरियरवाल्यांच्या भाषेत ‘आरटीओ’. हे गाडीच्या लायसनवालं आरटीओ नव्हे, ‘रिटर्न टू ओरिजिन’. शेवटी घरपोच पोचल्या १२०. म्हणून मोजणी रीलनंतर लगेच करायची नाही, पार्सलांचा निकाल लागेपर्यंत थांबायचं. पुढचे सगळे आकडे मी पोचलेल्या ऑर्डरींचेच देतोय.

आता १२० ऑर्डरी गुणिले ४५० म्हणजे ५४,००० रुपयांची विक्री. जाहिरातवाले इथे थांबतात आणि म्हणतात, ‘२५,००० लावले, ५४,००० आले, दुपटीपेक्षा जास्त!’ पण हे ५४,००० गल्ल्यात आलेले आहेत, खिशात नाही. प्रत्येक ऑर्डरमागे उरतात २०० वजा सूट ५०, म्हणजे १५०. १२० गुणिले १५० म्हणजे १८,०००. त्यातून २५,००० गेले की ७,००० रुपयांचा तोटा. एकाच मोहिमेबद्दल ‘दुप्पट आले’ आणि ‘सात हजार गेले’ ही दोन्ही वाक्यं खरी आहेत. इन्फ्लुएन्सर मोहिमेचा आकडा कोणी सांगितला, की मी आधी एवढंच विचारतो: हा विक्रीवर काढलाय की उरलेल्या पैशावर?

मग ताईंमुळे तोटा झाला असं म्हणायचं का? इतक्यात नाही. कोड दोन्ही बाजूंनी चुकतो.

तो कमी मोजतो, कारण अनेकजण रील पाहतात, दुकानाचं नाव लक्षात ठेवतात आणि चार दिवसांनी सरळ सर्च करून, कोड न टाकता ऑर्डर देतात. कोणी थेट व्हॉट्सॲपवर ‘मसाला पाठवा’ म्हणतं. कोणी रील आईला दाखवतं आणि ऑर्डर आईच्या फोनवरून जाते.

तो जास्तही मोजतो, कारण दर महिन्याला मसाला घेणारे जुने ग्राहकही रील पाहतात आणि ‘अरे, सूट आहे’ म्हणून कोड टाकतात. ते तसेही घेणारच होते. तिथे ताईंनी नवीन काही विकलं नाही, उलट दुकानाचे ५० रुपये गेले. शिवाय कोड फुटतो. कूपन गोळा करणाऱ्या साइटवर जातो, कुटुंबाच्या ग्रुपवर फॉरवर्ड होतो, आणि ज्यांनी ताईंचं रील कधी पाहिलंच नाही, तेही वापरतात.

कोड फुटला हे ओळखायचं कसं? तारखेप्रमाणे वापर मांडून पाहा. रीलचा परिणाम साधारणपणे पहिल्या दोन-तीन दिवसांत उसळतो आणि मग उतरत जातो. उतार संपल्यावरही रोज तेवढ्याच चार-पाच ऑर्डरी कोडवर येत राहिल्या, किंवा दहाव्या दिवशी अचानक उसळी आली आणि त्या दिवशी ताईंनी काहीच टाकलेलं नव्हतं, तर कोड बाहेर गेलाय. दुसरी खूण म्हणजे फोन नंबर. कोड वापरणाऱ्यांचे नंबर जुन्या यादीशी जुळवले, की नवे किती आणि जुने किती ते कळतं. उपाय साधे आहेत: प्रत्येक इन्फ्लुएन्सरला वेगळा कोड द्यायचा, त्याला मुदत घालायची, आणि शक्य असेल तर तो पहिल्याच खरेदीला चालेल असं ठेवायचं.

दुसरी मोजणी: लिंक

ट्रॅकिंग लिंक म्हणजे नेहमीचाच पत्ता, फक्त शेवटी चिठ्ठी जोडलेला. तो असा दिसतो:

```
https://example.com/masala?utm_source=instagram
&utm_medium=influencer&utm_campaign=tai_reel
```

(खरी लिंक एकाच ओळीत असते, इथे वाचायला सोपं जावं म्हणून तोडली आहे.) प्रश्नचिन्हाच्या पुढचा भाग दुकानाची साइट उघडायला लागत नाही. तो गूगल ॲनालिटिक्ससारख्या टूलसाठी असतो: हा माणूस इन्स्टाग्रामवरून, इन्फ्लुएन्सरमुळे, ताईंच्या रीलमधून आला. `utm` मधला ‘यू’ म्हणजे अर्चिन, ही मोजणी करणारी जुनी कंपनी. गूगलने ती २००५ मध्ये विकत घेतली आणि तिच्यातूनच पुढे ॲनालिटिक्स आलं. एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा: इथे कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं वेगळी धरली जातात. एका लिंकमध्ये `Instagram` आणि दुसरीत `instagram` लिहिलं, तर अहवालात दोन वेगवेगळ्या ओळी येतात.

कोडच्या तुलनेत लिंकचा एक मोठा फायदा आहे. कोड फक्त घेणाऱ्यांना मोजतो. लिंक मात्र येऊन परत गेलेल्यांनाही मोजते. दोन हजार लोक लिंकवरून आले आणि घेतलं साठ जणांनी, तर रीलने आपलं काम केलंय आणि अडचण दुकानाच्या पानावर आहे, असा अंदाज बांधता येतो. कदाचित कुरियरचे पैसे शेवटच्या पायरीवर दिसत असतील. कोडच्या आकड्यातून हे कधीच कळलं नसतं.

पण स्मार्टफोनवर लिंक फार लवकर हरवते, आणि का ते तुम्ही स्वतःच्या सवयीवरून सांगू शकाल. इन्स्टाग्रामवर रीलच्या कॅप्शनमधली लिंक दाबताच येत नाही, बायोमध्ये जावं लागतं किंवा स्टोरीतलं स्टिकर शोधावं लागतं. यूट्यूबने ३१ ऑगस्ट २०२३ पासून शॉर्ट्सच्या वर्णनातल्या आणि कमेंटमधल्या लिंक दाबता येणार नाहीत असं केलं. एवढं करून लिंक दाबलीच, तर दुकान बऱ्याचदा इन्स्टाग्रामच्या आतल्याच छोट्या ब्राउझरमध्ये उघडतं. तिथे आपला पत्ता सेव्ह नसतो, लॉगिन नसतं. आपण म्हणतो, ‘नंतर बघू’. रात्री क्रोम उघडून दुकानाचं नाव टाइप करतो आणि ऑर्डर देतो. पहिल्या ब्राउझरमध्ये ठेवलेली खूण, म्हणजे कुकी, दुसऱ्या ब्राउझरला दिसत नाही. अहवालात ही ऑर्डर ‘गूगल सर्च’च्या नावावर जाते आणि ताईंच्या नावावर शून्य.

उलटही होतं. लिंक कोणी कॉपी करून कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, तर चिठ्ठी तिच्यासोबतच जाते. तिथून आलेला माणूसही ‘इन्स्टाग्राम’ म्हणून मोजला जातो.

खुणेला मुदतही असते. ॲमेझॉनच्या असोसिएट्स योजनेत लिंक दाबल्यापासून २४ तासांच्या आत वस्तू कार्टमध्ये टाकली नाही, तर ती खूण संपते. मसाला कोणी २४ तासांत घेईलही, पण लॅपटॉपचा विचार लोक महिनाभर करतात. म्हणून महाग वस्तूंच्या बाबतीत लिंकचा आकडा आणखी तोकडा पडतो.

आपल्या उदाहरणात लिंकवरून आलेल्या ऑर्डरी ६० निघाल्या. त्यातल्या ४५ जणांनी कोडही टाकला होता. कोडच्या १२० आणि लिंकच्या ६० मिळून १८० करायच्या नाहीत, कारण ४५ दोन्हीकडे आहेत. खरी बेरीज १३५. एजन्सीच्या अहवालात ही दुहेरी मोजणी सर्रास दिसते, तेव्हा ऑर्डर नंबर जुळवूनच बेरीज करा.

तिसरी मोजणी: आधी आणि नंतर

इथे आपण खुणा शोधणं सोडून देतो आणि थेट एकूण विक्री पाहतो. कोणी कोड टाकला, कोणी विसरलं, कोणी व्हॉट्सॲपवर मागितलं, सगळे त्यात आपोआप येतात.

रीलच्या आधीच्या १४ दिवसांत २८० ऑर्डरी, नंतरच्या १४ दिवसांत ५०४. वाढ २२४. चौदाच दिवस का? दोन्ही बाजूला दोन सोमवार, दोन रविवार आले पाहिजेत. दहा दिवस घेतले, तर एका बाजूला जास्त शनिवार-रविवार येतात आणि तुलना तिथेच बिघडते.

हिशेब करू. २२४ गुणिले २०० म्हणजे ४४,८००. कोड वापरणाऱ्या सगळ्या १२० जणांना दिलेली सूट ६,००० वजा. जुन्या ग्राहकांना दिलेली सूटसुद्धा इथे वजा होते, कारण ते पैसे खरोखर गेलेत. उरले ३८,८००. खर्च २५,००० वजा केला की १३,८०० रुपये नफा. कोडने तोटा दाखवला होता, इथे छान नफा दिसतोय.

पण थांबा. रील आलं १ तारखेला. म्हणजे ‘आधी’चे १४ दिवस महिनाअखेरचे, खिसा रिकामा असतानाचे, आणि ‘नंतर’चे १४ दिवस पगार झाल्यावरचे. किराणा तसाही त्याच दिवसांत जास्त विकला जातो. रील आलं नसतं तरी विक्री वाढली असती. किती वाढली असती, हाच खरा प्रश्न आहे. आधी-नंतरच्या तुलनेचं सगळं यश या एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतं.

उत्तरासाठी असा गट शोधायचा, ज्याच्यापर्यंत रील पोचलं नाही, पण पगार मात्र त्याच तारखेला झाला. आपल्या दुकानाकडे तो आहे. रील मराठीत होतं, त्यामुळे पाहणारे मुख्यतः महाराष्ट्रातले. दुकान मात्र बंगळूर, हैदराबाद, सुरतलाही माल पाठवतं. ऑर्डरींच्या यादीत पिनकोड असतोच. त्यावरून दोन ढीग करायचे.

- महाराष्ट्र: आधी २१०, नंतर ४२०
- महाराष्ट्राबाहेर: आधी ७०, नंतर ८४

बाहेर रील पोचलं नाही, तरी विक्री २० टक्क्यांनी वाढली. ही पगाराची वाढ. म्हणजे रील नसतं तरी महाराष्ट्रात २१० च्या २५२ झाल्या असत्या. प्रत्यक्षात झाल्या ४२०. रीलमुळे आलेल्या जास्तीच्या ऑर्डरी १६८.

आता परत हिशेब: १६८ गुणिले २०० म्हणजे ३३,६००. सूट ६,००० वजा, २७,६००. खर्च वजा, २,६०० रुपये नफा. २५,००० वर साधारण १० टक्के.

एक मोहीम, पण लिंक म्हणते ६० ऑर्डरी, कोड म्हणतो १२०, नुसती आधी-नंतरची तुलना म्हणते २२४ आणि गटाशी केलेली तुलना म्हणते १६८. यातला एकही आकडा खोटा नाही. प्रत्येकजण वेगळी गोष्ट मोजतोय. ‘पुन्हा पैसे लावायचे का?’ या प्रश्नाच्या सगळ्यात जवळचा आकडा शेवटचा आहे, कारण ‘रील नसतं तर काय झालं असतं’ हा प्रश्न फक्त त्यानेच विचारला.

पण १६८ वर किती विश्वास ठेवायचा?

बहुतेक लेख इथे संपतात, पण खरी मेख पुढे आहे. बाहेरचा आकडा ७० वरून ८४ झाला. चौदा ऑर्डरींचा फरक. काहीही न बदलता विक्री अशीच थोडी वर-खाली होत असते. एक ढोबळ नियम वापरा: मोजलेल्या संख्येचं वर्गमूळ काढा, तेवढी हालचाल नुसत्या योगायोगाने होऊ शकते. ७० चं वर्गमूळ सुमारे ८, ८४ चं सुमारे ९. म्हणजे २० टक्के वाढ ही पक्की संख्या नाही. खरी वाढ शून्य असेल किंवा ४० टक्के असेल, हे दोन्ही सहज शक्य आहे.

वाढ शून्य धरली, तर रीलचा वाटा २१० ऑर्डरींचा आणि नफा ११,०००. वाढ ४० टक्के धरली, तर रीलशिवायच २९४ झाल्या असत्या, रीलचा वाटा १२६ आणि तोटा ५,८००. म्हणून प्रामाणिक उत्तर ‘१० टक्के नफा’ असं नाही. उत्तर असं आहे: रीलने विक्री नक्की वाढवली, पैसे बहुधा जेमतेम वसूल झाले, आणि नफा की तोटा हे एवढ्या छोट्या दुकानाच्या एका रीलवरून सांगता येत नाही. इतक्या कमी ऑर्डरींतून यापेक्षा नेमकं उत्तर कोणी देत असेल, तर तो आकड्यात नसलेली खात्री विकतोय.

तुलनेचा गट स्वच्छ आहे का, तेही तपासावं लागतं. बंगळूरमध्ये मराठी माणसं भरपूर आहेत आणि तीही ताईंना फॉलो करत असतील. बाहेरच्या ८४ ऑर्डरींपैकी `TAI10` किती जणांनी टाकला ते पाहा. दोन-चार असतील तर चालेल. वीस असतील, तर रील तिकडेही पोचलंय, ‘पगाराची वाढ’ फुगलीय आणि ताईंचं श्रेय कमी मोजलं जातंय. इथे कोडचा फार छान उपयोग होतो, विक्री मोजायला नाही तर तुलना तपासायला.

आणखी एक गोष्ट, पुढचे काही आठवडे. मसाल्याचा डबा कोणी दर आठवड्याला घेत नाही. रीलमुळे जुन्या ग्राहकांनी पुढच्या महिन्याची खरेदी आताच केली असेल, तर तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात विक्री नेहमीपेक्षा खाली जाईल. तेवढा खड्डा १६८ मधून वजा करावा लागेल. उलट नव्या ग्राहकांपैकी काहीजण दुसऱ्यांदा आले, तर ती कमाई त्याच २५,००० च्या खात्यात जमा होईल. कोडवरून मिळालेले नवे फोन नंबर याचसाठी जपून ठेवायचे.

मग करायचं काय?

तुम्ही घरून काही विकत असाल, तर पैसे देण्याआधी एक भागाकार करा. खर्च अधिक अंदाजे सूट, भागिले एका ऑर्डरमागे उरणारे पैसे. आपल्या उदाहरणात २५,००० अधिक ६,००० भागिले २००, म्हणजे १५५. जास्तीच्या १५५ ऑर्डरी आल्या तर पैसे वसूल. आता स्वतःला विचारा, दोन आठवड्यांत १५५ नव्या ऑर्डरी शक्य वाटतात का? नसतील वाटत, तर मोजणीपर्यंत जाण्याची गरजच नाही. मानधन कमी करून घ्या किंवा छोटा इन्फ्लुएन्सर निवडा.

वाटत असतील, तर तारीख विचारपूर्वक ठरवा. १ तारीख, सेल, सणाचा आठवडा टाळा, आणि त्या चार आठवड्यांत दुसरी जाहिरात किंवा किमतीत बदल करू नका. नाहीतर वाढ कशामुळे झाली हे कायमचं गुलदस्त्यात राहील. ऑर्डरच्या पानावर ‘आमच्याबद्दल कुठे कळलं?’ एवढा एक प्रश्न ठेवा. सगळे उत्तर देणार नाहीत, पण कोड आणि लिंक दोघांनाही न सापडलेली माणसं तिथे सापडतात. आणि शक्य असेल तर मोहीम एका रीलवर संपवू नका. वेगवेगळ्या महिन्यांत तीन रील आली आणि तिन्ही वेळा वाढ दिसली, तर त्यावर एका मोठ्या उसळीपेक्षा जास्त विश्वास ठेवता येतो.

तुम्ही ताईंच्या जागी असाल, म्हणजे रील करणारे असाल, तर करारात पैसे कशावर मिळणार ते नीट वाचा. ‘फक्त कोडवर प्रत्येकी इतके’ असं असेल, तर आपल्या उदाहरणात १६८ ऑर्डरी आणूनही पैसे १२० चेच मिळाले असते. ‘फक्त लिंकवर’ असेल तर ६० चे. म्हणून ठरलेलं मानधन आणि वर कोडवर थोडं कमिशन, असा मधला रस्ता मला जास्त न्याय्य वाटतो. सोबत तीन गोष्टी लेखी मागा: खूण किती दिवस टिकणार, परत आलेल्या ऑर्डरी कशा वजा होणार, आणि तारखेप्रमाणे कोडचा वापर तुम्हाला दाखवणार का. तिसरी गोष्ट द्यायला दुकानदाराला दोन मिनिटं लागतात. पुढच्या वेळी मानधन ठरवताना तो तक्ता तुमच्या हातात असू द्या, फॉलोअर्सच्या आकड्यापेक्षा त्याला जास्त वजन असतं.